चढाला गाडी ओढत नाही आणि थरथरते: गिअरलेस स्कूटरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गिअरलेस स्कूटर कमी पडते ती बहुतेक चढावरच. सपाट रस्त्यावर, लक्ष्मी रोडच्या गर्दीत किंवा जंगली महाराज रस्त्यावर पस्तीस-चाळीसने जाताना गाडीतला दोष कळतसुद्धा नाही. तीच गाडी डबलसीट बोपदेव घाटाला लावली, कात्रजच्या जुन्या बोगद्याकडे नेली किंवा नुसती पाषाणहून सूस खिंडीकडे चढवली, की दोष लगेच उघडा पडतो. खालचे प्रश्न आमच्या वर्कशॉपमध्ये रोज कुणी ना कुणी विचारतं. उत्तरं 100 ते 125 सीसीच्या, बेल्टवर चालणाऱ्या पेट्रोल स्कूटरसाठी आहेत. इलेक्ट्रिक गाड्यांचं गणित वेगळं.

गाडी चढाला ओढत नाही. सगळ्यात आधी काय बघायचं?

काहीही खोलायच्या आधी आवाज ऐकायचा. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही, असं होतंय का? की आवाजच वाढत नाही, इंजिन दबून, घुसमटून चालतं? बाकी सगळी तपासणी या एका फरकावर उभी आहे.

आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे इंजिन ताकद तयार करतंय आणि ती चाकापर्यंत जाताना कुठेतरी सांडतेय. तिथे बेल्ट किंवा क्लच घसरत असतो. आवाजच वाढत नसेल, तर एक तर इंजिनाला हवा किंवा पेट्रोल नीट मिळत नाही, नाहीतर इंजिन ठीक असून त्याच्यावर नको तेवढा भार पडतोय. या दोन्हींत आवाज सारखाच भारी येतो, म्हणून आणखी एक चाचणी करावी लागते.

बऱ्यापैकी चढाचा, रहदारी नसलेला रस्ता शोधा. आधी सपाटीवरून वेगात येऊन चढाला लागा आणि आवाज लक्षात ठेवा. मग चढाच्या मध्येच पूर्ण थांबा आणि तिथूनच पुन्हा निघा. थांबून निघाल्यावर गाडी मोकळी ओढत असेल, पण वेगात येऊन चढाला लागल्यावर दबत असेल, तर संशय रोलरवर. दोन्ही वेळेला सारखीच दबत असेल आणि सपाटीवरही पूर्ण रेस देऊन टॉप स्पीड येत नसेल, तर आधी एअर फिल्टर बघा. ही चाचणी एकट्यानेच करा. मागे कुणी बसलेलं असलं की निरोगी गाडीही थोडी भारी वाटते.

थांबून निघाल्यावर फरक का पडतो? आत नेमकं काय चालतं?

डाव्या बाजूच्या लांबट कव्हरखाली दोन पुल्या असतात, एक पुढे इंजिनाच्या शाफ्टवर आणि एक मागे चाकाच्या बाजूला. दोन्हींमधून एक रबरी बेल्ट फिरतो. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर बसवलेल्या दोन तिरक्या थाळ्या. थाळ्या जवळ आल्या की बेल्ट बाहेर, मोठ्या घेरावर सरकतो आणि लांब गेल्या की आत उतरतो.

पुढच्या पुलीची एक थाळी सरकती असते. तिच्या पाठीमागे तिरक्या खाचांमध्ये रोलर बसवलेले असतात, बहुतेक गाड्यांत सहा. यालाच व्हेरिएटर म्हणतात. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात, थाळीला ढकलतात आणि बेल्ट पुढच्या बाजूला वर चढतो. त्याच वेळी मागच्या पुलीत तो खाली उतरतो. गिअरच्या गाडीत पहिल्यावरून वरच्या गिअरवर जाणं ते हेच, फक्त मध्ये पायऱ्या नाहीत. चढाला भार वाढला की उलटं व्हायला हवं. मागच्या पुलीतली स्प्रिंग आणि तिरक्या खाचा मिळून मागच्या थाळ्या जवळ आणतात, बेल्ट पुढून आत ओढला जातो आणि रोलर परत मधल्या बाजूला गडगडत यावे लागतात.

गाडी थांबलेली असते तेव्हा रोलर आपोआप घरी, म्हणजे पहिल्या गिअरच्या जागी, आलेले असतात. म्हणून थांबून निघालं की झिजलेले रोलरही सुरुवात बरी करून देतात. वेगात येऊन चढ लागतो तेव्हा मात्र त्यांना ओझ्याखाली परत फिरायचं असतं, आणि चपटे झालेले रोलर तिथे अडतात. गाडी वरच्या गिअरमध्ये अडकल्यासारखी होते आणि इंजिन दबतं.

जाता जाता, ही यंत्रणा पुण्याला नवी नाही. 1984 मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने भारतात गिअरलेस स्कूटर रुळवली. ती गाडी वर्षानुवर्षं वापरलेल्या जुन्या लोकांना बेल्ट आणि रोलर हे शब्द अजून पाठ असतात. त्यांच्या नातवंडांना मात्र आपल्या गाडीत बेल्ट आहे हेच मुळात माहीत नसतं.

बेल्ट तुटलेला नाही, तडेही दिसत नाहीत. मग तो खराब कसा?

बेल्ट तुटायच्या खूप आधी अरुंद होतो. त्याच्या दोन्ही तिरक्या बाजू थाळ्यांवर घासत राहतात आणि रुंदी कमी होत जाते. नव्या बेल्टपेक्षा साधारण एक मिलिमीटर कमी झाला की बऱ्याच गाड्यांमध्ये तो बदलायला आलेला असतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. एक मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. व्हर्नियर लावून, बेल्टवर तीन वेगवेगळ्या जागी मोजावा लागतो.

अरुंद बेल्टचं नुकसान दोन टोकांना होतं. निघताना मागच्या पुलीच्या थाळ्या जवळ असतात आणि बेल्ट कडेला, मोठ्या घेरावर हवा. तो अरुंद असला की थाळ्या मिटलेल्या असूनही थोडा आत बसतो. म्हणजे पहिला गिअर हवा तेवढा ताकदीचा मिळतच नाही. चढाला गाडी सुस्त वाटते ती यामुळे. दुसऱ्या टोकाला, पूर्ण वेगात पुढच्या थाळ्या मिटल्या तरी अरुंद बेल्ट कडेपर्यंत चढत नाही, म्हणून टॉप स्पीडही जातो. शिवाय बाजू काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर तो भाराखाली घसरतो, आणि तेव्हा तो आधी सांगितलेला "आवाज आहे, ओढ नाही" प्रकार सुरू होतो.

कव्हर उघडल्यावर आत काळ्या भुकटीचा थर असेल, बेल्टच्या दात्यांच्या बुडाशी चिरा असतील किंवा कडेने दोरे सुटले असतील, तर मोजायच्या भानगडीत पडू नका. बदला.

रोलर खराब झालेत हे खोलल्यावर कसं ओळखायचं?

रोलर हातात घ्या आणि काचेवर किंवा टाइलवर गडगडवा. चांगला रोलर सरळ जातो. झिजलेला एका जागी अडखळतो, कारण त्याची एक बाजू चपटी झालेली असते. बोटांत धरून फिरवला तरी तो सपाट पट्टा लागतो. बाहेरचं आवरण नायलॉनसारख्या कडक प्लास्टिकचं आणि आत धातूचं वजन असतं. आवरण इतकं झिजलं की धातू उघडा पडला, तर तो धातू पुढे रोलरच्या खाचाच खरवडून टाकतो, आणि मग नुसते रोलर बदलून भागत नाही.

सहाच्या सहा एकदम बदलायचे. "दोनच खराब आहेत, दोनच टाका" असं म्हणणारे असतात. पण झिजलेल्या आणि नव्या रोलरचा व्यास वेगळा असतो, थाळी वाकडी दाबली जाते आणि नवे दोन लवकर जातात. रोलरसोबत थाळीवर बसणारे छोटे प्लास्टिकचे तुकडे, स्लाइड पीस, तेही बदलून घ्या. पैसे किरकोळ. जुने ढिले ठेवले तर रिकामी रेस असताना पुढून खडखड येत राहते.

गाडी थरथरते. हे बेल्टमुळे की क्लचमुळे?

कुठल्या वेगाला थरथरते ते सांगा, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

सिग्नल सुटल्यावर गाडी हलताना पहिल्या दहा-वीसच्या वेगापर्यंत थरथर, आणि नंतर एकदम शांत, ही जवळजवळ नेहमीच क्लचची खूण आहे. मागच्या पुलीवर बसलेले क्लच शू फेकले जाऊन बाहेरच्या लोखंडी क्लच आउटरला चिकटतात. शू गुळगुळीत झाले असतील, धूळ साचली असेल किंवा आउटरच्या आत ओरखडे आणि निळे डाग पडले असतील, तर ते एकदम न पकडता पकड-सोड, पकड-सोड करतात. तीच थरथर हँडलपर्यंत येते. नवा बेल्ट टाकून ही जाणार नाही, हे आधीच सांगतो, कारण बेल्ट बदलूनही गाडी थरथरते म्हणून भांडायला आलेली माणसं पाहिली आहेत.

चालत्या गाडीत, चाळीसच्या आसपास पूर्ण रेस दिल्यावर येणारी आणि रेस सोडली की जाणारी थरथर असेल, तर रोलर आणि बेल्ट बघा. आणि रेस असो वा नसो, वेगाबरोबर वाढत जाणारी थरथर ही बेल्टच्या कव्हरखालची नसतेच. तिथे टायर, वाकलेली रिम किंवा इंजिन चॅसीला टांगतात त्या जागचे रबरी बुश तपासायचे. पुण्यातले स्पीडब्रेकर आणि खड्डे पाहता हे बुश लोकांना वाटतं त्यापेक्षा लवकर जातात.

क्लच खराब करायची एक खास पुणेरी पद्धत आहे. चांदणी चौकाकडे चढताना किंवा उड्डाणपुलाच्या चढावर ट्रॅफिक तुंबला, की ब्रेक न दाबता थोडी रेस देऊन गाडी जागच्या जागी तोलून धरायची. त्या वेळात शू सतत घासत असतो, आउटर तापून निळा पडतो. चढावर ब्रेक धरून उभं राहा, निघताना रेस द्या.

एअर फिल्टरचा आणि चढाचा काय संबंध?

सपाटीवर चाळीसने जाताना इंजिन आपल्या ताकदीचा छोटा भागच वापरतं, त्यामुळे अर्धा तुंबलेला फिल्टरही चालून जातो. चढावर पूर्ण रेस देता तेव्हा त्याला भरपूर हवा लागते आणि नेमकी तिथेच ती मिळत नाही. म्हणून फिल्टरचा दोष चढावर कळतो.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत हवा कमी पडली की पेट्रोल तुलनेने जास्त जातं. प्लग काळा, कोरड्या काजळीने भरलेला निघतो, सायलेन्सरला पेट्रोलचा वास येतो, मायलेज पडतं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन आहे. ती सेन्सरवरून पेट्रोल त्या प्रमाणात कमी करते, त्यामुळे धूर-वास काही येत नाही, गाडी फक्त मंद होते. म्हणून इंजेक्शनच्या गाडीचा तुंबलेला फिल्टर उलट जास्त दिवस लपून राहतो.

फिल्टर प्रत्येक सर्व्हिसिंगला हवा मारून साफ करतात. मग तो तुंबेल कसा?

बहुतेक नव्या स्कूटरचा फिल्टर कागदी असतो आणि त्या कागदाला मुद्दाम तेलकट केलेलं असतं, धूळ त्याला चिकटावी म्हणून. कॉम्प्रेसरची हवा मारली की वरची धूळ उडते, तेलात बसलेली तशीच राहते. जोर जास्त झाला तर कागदाला बारीक भोकं पडतात, जी दिसत नाहीत. मग धूळ थेट सिलिंडरमध्ये. हा फिल्टर धुवायचाही नसतो, पेट्रोलमध्ये तर नाहीच. बदलायचा. साधारण पंधरा-सोळा हजार किलोमीटर हा मोकळ्या रस्त्याचा हिशोब. रोज बांधकामांच्या आणि खोदलेल्या रस्त्यांच्या धुळीतून जाणाऱ्या गाडीला मी दहा हजारांनाच बदलायला सांगतो. जुन्या गाड्यांत स्पंजचा फिल्टर असेल तर तो मात्र साबणाच्या पाण्यात धुवून, पूर्ण वाळवून, तेलात बुडवून पिळून बसवता येतो.

फिल्टरच्या डब्याखाली एक छोटी बंद नळी लोंबत असते. ती काढून बघा. त्यातून काळं तेल निघालं तर इंजिनात ऑइल मापापेक्षा जास्त भरलेलं असण्याची शक्यता मोठी. जास्तीचं ऑइल वाफेच्या नळीतून फिल्टरच्या डब्यात येतं आणि कागद भिजवतं. भिजलेल्या कागदातून हवा जाणार कशी?

एखादं प्रत्यक्ष उदाहरण?

कोंढव्याहून बोपदेव घाटातून रोज सासवडला शाळेत शिकवायला जाणाऱ्या एक मॅडम आहेत. मागे सहकारी शिक्षिका. 2019 ची 110 सीसी, कार्ब्युरेटरची गाडी, मीटरला तेहतीस हजार. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. तक्रार अशी की घाटात डबलसीट पंचवीसच्या वर जात नाही आणि सिग्नलला निघताना गाडी थरथरते. एका ठिकाणी त्यांना "इंजिन उतरलंय, बोअर-पिस्टन करावं लागेल" असं सांगितलेलं होतं.

एकट्याने चढावर चालवून पाहिली. वेगात येऊन चढाला लागली की दबत होती. थांबून निघाल्यावर आवाज वाढत होता, पण गाडी आवाजाच्या मागे राहत होती. सपाटीवर साठच्या पुढे जाईना. म्हणजे बेल्ट, रोलर आणि फिल्टर या तिन्हींची थोडी थोडी लक्षणं एकत्र. अशा वेळी सगळं एकदम बदलून टाकायचा मोह होतो. तसं केलं की गाडी सुधारते, पण कशामुळे सुधारली ते कळत नाही. म्हणून आधी स्वस्त आणि सोपी गोष्ट घेतली.

फिल्टरचा डबा उघडला. कागद काळा आणि खालच्या अर्ध्या भागात तेलाने ओला. नळीत काळं तेल भरलेलं. ऑइलची कांडी पुसून बघितली तर पातळी वरच्या खुणेच्याही वर. प्रत्येक सर्व्हिसिंगला माप न बघता अख्खी बाटली ओतली जात होती. जास्तीचं ऑइल काढलं, डबा पुसला, नवा फिल्टर टाकला, काळा पडलेला प्लग बदलला. सपाटीवर गाडी लगेच मोकळी झाली, सत्तरच्या आसपास जाऊ लागली. चढावर मात्र आवाज आता जास्तच वाढायला लागला आणि ओढ तेवढीच. इंजिनाला दम आला होता, पण तो चाकापर्यंत पोचत नव्हता.

मग डावं कव्हर उघडलं. बेल्ट काढायच्या आधी पुढच्या पुलीच्या थाळीवर मार्करने मधून कडेपर्यंत एक रेघ मारली, कव्हर लावलं आणि सपाट रस्त्यावर पूर्ण वेगात एक फेरी मारून आणली. पुन्हा उघडलं तेव्हा बेल्ट जिथपर्यंत चढला होता तिथपर्यंतची रेघ पुसलेली होती आणि बाहेरची चार-एक मिलिमीटर जशीच्या तशी. बेल्ट कडेपर्यंत जात नाही याचा याहून साधा पुरावा नाही, आणि गाडीच्या मालकालाही तो दाखवता येतो.

त्या मॉडेलचा नवा बेल्ट आम्ही मोजला तो 18.6 मिलिमीटर भरला, त्यांचा 17.1. सहापैकी चार रोलर चपटे. 16 मिलिमीटरच्या रोलरचा व्यास सर्वात वाईट जागी 15.2 उरला होता. खाचा मात्र शाबूत होत्या, त्यामुळे व्हेरिएटर वाचला. बेल्ट, रोलर, स्लाइड पीस नवे टाकले. क्लच आउटर आतून गुळगुळीत होऊन दोन जागी निळसर झाला होता. तो आणि शू पॉलिश पेपरने खरबरीत करून, भुकटी पुसून परत बसवले. पुन्हा रेघ मारून फेरी मारली, तर रेघ कडेपर्यंत पुसली गेली. बोपदेवला डबलसीट गाडी आता अडतीस-चाळीसने चढते. निघतानाची थरथर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. शूची जाडी अजून शिल्लक होती म्हणून ते ठेवले. थरथर वाढली की बदलायचे, असं त्यांना सांगितलं आहे. बोअर-पिस्टनला हात लावावा लागला नाही.

चांगल्या गाडीने डबलसीट किती वेगाने चढायला हवं?

साधा हिशोब करून बघू. गाडी आणि दोन माणसं मिळून 250 किलो धरा. शंभर मीटरला आठ मीटर चढणारा रस्ता, वेग ताशी 30. नुसतं वर उचलायला साधारण 1.6 किलोवॅट लागतात, वारा आणि टायरचं घर्षण धरून दोन-सव्वादोन. 110 सीसी इंजिन पूर्ण रेसला साडेपाच-सहा किलोवॅट देतं. बेल्टमध्ये काही वाया जातं हे धरूनही भरपूर शिल्लक राहते. म्हणजे अशा चढावर निरोगी गाडी पस्तीस-चाळीस सहज राखते. पूर्ण रेस देऊनही वीसवर येत असेल, तर अर्ध्याहून जास्त ताकद कुठेतरी हरवते आहे.

सिंहगडावर जाताना मात्र नवी गाडीही दमते. तोही दोष?

नाही, थोडं दमणं स्वाभाविक आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, सिंहगडाचा माथा 1,300 च्या आसपास. वर हवा सात-आठ टक्के विरळ, तेवढी ताकद कमी. शिवाय शेवटची वळणं उभी आहेत. अर्धी ताकद मात्र हवेमुळे जात नाही.

घाटासाठी हलके रोलर टाकू का?

हलक्या रोलरना बाहेर जायला जास्त आरपीएम लागतो, त्यामुळे गाडी खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहते आणि चढाला चपळ वाटते. बदल्यात सपाटीवर इंजिन विनाकारण ओरडतं आणि पेट्रोल वाढतं. रोज घाट असेल तर रोलरमागे अर्धा ग्रॅम कमी करून बघायला हरकत नाही, पण आधी बेल्ट, कंपनीच्या वजनाचे नवे रोलर आणि फिल्टर ठीक करा. बहुतेकांना त्यानंतर हलक्याची गरजच वाटत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या रंगीत रोलरवर छापलेल्या वजनावर फार विश्वास ठेवू नका. सोनाराच्या काट्यावर ठेवले की फरक कळतो.

बेल्ट आणि रोलर घरी बदलता येतील का?

फिल्टर कुणीही बदलावा. चार-सहा स्क्रू आहेत. बेल्टसाठी हत्यारं लागतात. पुढचा नट सोडवताना पुली धरून ठेवायचं होल्डर हवं. लोक पुलीवरच्या पंख्याच्या पात्यांमध्ये स्क्रू-ड्रायव्हर अडकवतात आणि पाती मोडतात. पाती मोडली की पुली असंतुलित होते आणि नवीनच थरथर सुरू होते.

सगळ्यात महाग पडणारी चूक बसवताना होते. नवा बेल्ट लावताना मागच्या पुलीच्या थाळ्या हाताने फाकवून बेल्ट तिथे खोल आत दाबायचा असतो, म्हणजे पुढे तो सैल राहतो. तसं न करता पुढचा नट आवळला, तर बेल्ट थाळी आणि मधल्या बुशच्या मध्ये चिमटला जातो. नट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण तो बेल्टवर आवळलेला असतो. थोडी गाडी चालली की बेल्ट जागेवर जातो, नट ढिला पडतो आणि क्रँकशाफ्टचे दाते खाल्ले जातात. पाचशे रुपयांच्या कामात अख्खा क्रँक जातो. म्हणून नट आवळण्याआधी पुढचा बेल्ट बोटाने हलतो का बघा. आवळल्यावर किक हळूच मारून थाळी सरळ फिरते का तेही बघा, आणि नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला टॉर्क पान्यानेच आवळा.

बेल्टवर बाण छापलेला असेल तर तो फिरण्याच्या दिशेला. रोलर काढायच्या आधी फोटो काढा आणि तसेच बसवा. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नसेल तर रोलरना ग्रीस लावू नका. ते उडून बेल्टवर येतं, आणि तेलकट बेल्ट नवा असला तरी घसरतो.

खर्च किती? माल कुठला घ्यावा?

मॉडेलप्रमाणे बदलतो, पण साधारण फिल्टर आणि रोलरचा संच प्रत्येकी दोन-तीनशेच्या घरात, बेल्ट पाचशेपासून हजारपर्यंत, मजुरी वेगळी. नाना पेठेत सगळं मिळतं, ओरिजिनलही आणि ओरिजिनलसारखं दिसणारंही. फिल्टरमध्ये एक वेळ चांगल्या कंपनीचा बाहेरचा चालेल, बेल्टमध्ये काटकसर नको. बेल्टची मुदत बहुतेक गाड्यांना वीस ते चोवीस हजार किलोमीटर. घाटाची रोजची गाडी असेल तर आठ-दहा हजारांना एकदा कव्हर उघडून मोजून घ्या.

पावसात पाण्यातून गाडी गेली की पिकअप जातो. का?

कव्हरमध्ये बेल्ट थंड ठेवायला हवेची वाट असते, तिथून पाणी शिरतं. ओला बेल्ट घसरतो. पाणी स्वच्छ असेल तर थोडं चालवल्यावर सुकून ठीक होतं. गाळाचं पाणी असेल तर तसं सोडू नका. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तशा पाण्यात बुडालेली गाडी चालू करण्याआधीच कव्हर उघडून, गाळ धुवून, पुल्या सुकवाव्या लागतात. नाहीतर तो गाळ पॉलिश पेपरसारखा बेल्ट आणि थाळ्या घासत राहतो. मागच्या गिअर ऑइलमध्ये पाणी गेलं असेल तर ते चहासारखं दुधट दिसतं. तेही बदला.

बेल्ट घाटातच तुटला तर काय करायचं?

एक जोराचा फटका ऐकू येतो, मग रेस दिली तरी नुसता आवाज. रेस देऊन बघत बसू नका, तुटलेला तुकडा क्लचभोवती गुंडाळला जाऊन आतलं आणखी मोडतो. इंजिन बंद करा. मागचं चाक मोकळं फिरत असेल तर गाडी ढकलत नेता येते, उतार असेल तर दोन्ही ब्रेकवर हळूहळू उतरताही येते. पण इंजिनाचा अटकाव शून्य असतो हे लक्षात ठेवा. दिवे घाटासारख्या लांब उतारावर तसं उतरवू नका, ब्रेक तापून निकामी होतात. चाक अडकत असेल तर ओढाताण न करता टेम्पो बोलवा. बेल्ट बदलताना मेकॅनिकला कव्हरमधले सगळे दोरे आणि तुकडे काढायला सांगा, विशेषतः मागच्या पुलीच्या पाठीमागचे. तिथे राहिलेला एक दोरा ऑइल सील कापतो, आणि मग गिअर ऑइल नव्या बेल्टवर गळायला लागतं.